रजेचा अर्ज आणि घरची मराठी

आस्थापना शाखेच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारा कागद म्हणजे रजेचा अर्ज. नांदगावच्या एका सरकारी कार्यालयात माझी बरीचशी नोकरी याच शाखेत गेली. अर्ज वाचायचा, रजेच्या हिशेबात किती शिल्लक आहे ते पाहायचे, टिपणी लिहायची आणि साहेबांची सही झाली की सेवापुस्तकात नोंद घ्यायची, असे हे काम. आमच्याकडचे अर्धेअधिक कर्मचारी मनमाड किंवा चाळीसगावहून गाडीने अप-डाऊन करणारे, उरलेले तालुक्यातले. त्यामुळे रजेची कारणेही इथल्या मातीतलीच असायची. कुणाचा कांदा काढायला आलेला, कुणाकडे लग्नकार्य, कुणाला चैत्रात गडावर जायचे, कुणाची आई दवाखान्यात.

जुने लोक अर्ज ठरलेल्या साच्यात लिहीत. त्या साच्याला सुंदर म्हणता आले नसते, पण त्यातून काय हवे ते कळायचे. पुढे नव्या भरतीची मुले आली. ती इंग्रजी नमुना समोर ठेवून त्याचे ओळीने मराठी करू लागली, आणि अर्ज दोनदा वाचावा लागू लागला. या मुलांना मराठी येत नव्हती असे मुळीच नाही. चहाच्या वेळी तीच मुले काय झाले, कधी येणार, कुठे जाणार हे दोन वाक्यांत स्वच्छ सांगत. कागद हातात घेतला की मात्र त्यांना वाटे, कार्यालयाची मराठी वेगळी असते आणि ती इंग्रजीतूनच यावी लागते.

एक अर्ज मला तपशिलाने आठवतो, कारण त्यात अशा बहुतेक चुका एकत्र आल्या होत्या. नाव सांगत नाही. मजकूर साधारण असा होता:

‘आदरणीय सर, मी आपणास सूचित करू इच्छितो की मी तीव्र तापाने ग्रस्त आहे आणि डॉक्टरांद्वारे मला बेड विश्रांतीचा सल्ला दिला गेला आहे. म्हणून मी ५ पासून १२ पर्यंत कार्यालयास उपस्थित राहण्यास असमर्थ असेन. कृपया मला आजारी रजा प्रदान करा. या काळात मी स्टेशनच्या बाहेर असेन. अपेक्षेत धन्यवाद.’

ओळीओळीत व्याकरणाची म्हणावी अशी चूक नाही. तरी हा अर्ज मला मंजुरीसाठी पुढे पाठवता येईना. का, ते सांगतो.

पहिली अडचण तारखांची. त्या महिन्यात ५ तारखेला सोमवार होता आणि १२ तारखेलाही सोमवार. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे १० आणि ११ ला शनिवार-रविवारची सुट्टी. ‘५ पासून १२ पर्यंत’ म्हणजे १२ ला हा माणूस कामावर येणार की त्या दिवशीही रजेवर असणार? इंग्रजी नमुन्यातले पासून-पर्यंत मराठीत उतरले, पण शेवटचा दिवस आत की बाहेर, हे त्यातून कळत नाही. आणि प्रश्न एका दिवसाचा नसतो. तो १२ ला हजर होणार असेल तर रजा ५ ते ९ अशी पाच दिवसांची होते आणि पुढचे दोन दिवस सुट्टी म्हणून रजेला जोडून घेता येतात. तो १२ लाही रजेवर असेल तर मधले शनिवार-रविवार रजेतच मोडतात आणि रजा आठ दिवसांची होते. एका शब्दाच्या घोळात तीन दिवस जातात.

मराठीत याला सोपी वाट आहे. ‘दि. ५ ते ९ अशी ५ दिवसांची’ असे लिहायचे आणि पुढच्या वाक्यात ‘दि. १२ रोजी कामावर हजर होईन’ हे सांगायचे. दिवसांची संख्या आणि हजर होण्याची तारीख, दोन्ही आली की कुणालाही शंका उरत नाही. ‘हजर होणे’ किंवा ‘रुजू होणे’ हे आपले जुने शब्द आहेत. ‘माझे कर्तव्य पुन्हा सुरू करेन’ असे मी अनेक अर्जांत वाचले आहे. इतके लांब कुणी बोलत नाही, आणि त्यातून जास्तीचे काही सांगितलेही जात नाही.

दुसरी अडचण ‘आजारी रजा’ या शब्दाची, आणि हीच मोठी. बोलताना आपण आजारपणाची रजा म्हणतो, ते ठीक. पण अर्जात रजेचे नाव म्हणजे कोणत्या खात्यातून ती वजा करायची याचा आदेश असतो. आमच्या सेवेला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यांत ‘आजारी रजा’ या नावाचे खाते नाही. वर्षाला ३० दिवस जमा होते ती अर्जित रजा, १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवसांनी. वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा असते, म्हणजे निम्म्या पगाराची. तीच रजा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून पूर्ण पगाराची करून घेता येते, तिला परिवर्तित रजा म्हणतात. मात्र एका दिवसाच्या परिवर्तित रजेपोटी अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस वजा होतात. याशिवाय वर्षाच्या ८ नैमित्तिक रजा, ज्यांना सगळे सीएल म्हणतात.

आता या अर्जाचा हिशेब करा. आजारी माणसाने अर्जित रजा मागितली तर पाच दिवस जातील. परिवर्तित मागितली तर अर्धवेतनी खात्यातून दहा दिवस जातील, पण अर्जित रजा शिल्लक राहील, आणि ती निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते. नैमित्तिक मागितली तर वर्षाच्या आठांतल्या पाच संपतील. यातले काय त्याच्या सोयीचे, हे त्याने ठरवायचे असते. मागितलेल्या रजेचा प्रकार मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आपणहून बदलायचा नसतो. रजा नामंजूर करता येते, पण मागितली एक आणि दिली दुसरी, असे करता येत नाही. म्हणून ‘आजारी रजा’ लिहिलेला अर्ज माझ्यापाशी अडतो. मी अंदाजाने एखादे खाते धरले तर तो त्याच्या हक्कात केलेला हस्तक्षेप होतो.

मी त्याला बोलावले. तो म्हणाला, “भाऊसाहेब, सिक लीव्ह म्हणजे आजारी रजाच ना?”

“शब्द म्हणून बरोबर आहे. पण तुझ्या सेवापुस्तकात त्या नावाचा रकानाच नाही. मी कुठे लिहू?”

तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःच्या रजेचा हिशेब दाखवला. अर्धवेतनी खात्यात भरपूर शिल्लक होती, नवी नोकरी असूनही. त्याला तिचा उपयोग कसा होतो हेच कुणी सांगितले नव्हते.

याच कारणाने ‘शोक रजा’, ‘आणीबाणी रजा’, ‘वार्षिक रजा’ हे शब्दही अडतात. खासगी कंपन्यांत अशी नावे असू शकतात आणि तिथे ती चालतील, कारण तिथली रजेची यादी वेगळी असते. जिथे नोकरी आहे तिथल्या यादीतले नाव वापरावे, एवढेच. बँकेत, कारखान्यात, शाळेत ती यादी पाहून घ्यावी. आणि ज्या रजेला नियमात ठरलेले नाव आहे तिला आपण नवे नाव देऊ नये. ‘मातृत्व रजा’ असे हल्ली वाचायला मिळते. नियमात ती प्रसूती रजा आहे, आणि घरात तिला बाळंतपणाची रजा म्हणतात. दोन्ही चांगले शब्द उपलब्ध असताना तिसरा कशासाठी घडवायचा?

इथे कुणी म्हणेल, नैमित्तिक, अर्जित, परिवर्तित हे तरी कुठे घरातले शब्द आहेत? तेही इंग्रजीवरूनच घडवले आहेत. खरे आहे. १९६० साली राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि कारभार मराठीत आणायचा तर हजारो शब्द लागणार होते. ते घडवावे लागले, आणि काही फार जड झाले. पण रजेची नावे म्हणजे खात्यांची नावे आहेत. खात्याचे नाव पक्के असावे लागते, मग ते गोड असो वा नसो. अडचण शब्दांची नसते, वाक्यांची असते. माझे इतक्या वर्षांचे मत असे की नाव नियमातले घ्यावे आणि वाक्य आपल्या घरातले लिहावे. बहुतेक मुले नेमके उलटे करतात. नाव मनचे आणि वाक्य नमुन्यातले.

आता ती वाक्ये. ‘मी तीव्र तापाने ग्रस्त आहे.’ मराठीत ताप माणसाला येतो. ‘मला ताप येत आहे’, ‘कालपासून ताप आहे’, ‘ताप उतरलेला नाही’. आजार आपल्याकडे येतो, होतो, जडतो. माणूस कर्ता होऊन आजाराने ग्रस्त होतो ही रचना इंग्रजीतून आलेली, आणि ती दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त अशा मोठ्या आपत्तींना शोभते. दोन दिवसांच्या तापाला ती लावली की वाचणारा उगाच घाबरतो. ‘डॉक्टरांद्वारे सल्ला दिला गेला आहे’ यातही तेच. डॉक्टर समोर आहेत, ते बोलले आहेत, मग त्यांना वाक्याच्या मागे का उभे करायचे? ‘डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितले आहे’ एवढे पुरते.

विनंतीच्या वाक्याबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे अर्थच बिघडतो. ‘कृपया मला रजा प्रदान करा.’ इंग्रजीत विनंतीचा एक शब्द आधी लावला की आज्ञार्थी क्रियापद नरम होते. मराठीत ‘कृपया’ लावूनही ‘करा’ हे ‘करा’च राहते. रांगेत उभे रहा, पादत्राणे बाहेर काढा, या पाट्यांची ती भाषा. वरिष्ठाला लिहिताना मराठी क्रियापदच बदलते: मिळावी, करावी, द्यावी. ‘रजा मिळावी, ही विनंती.’ या ‘मिळावी’त आदर आहे, म्हणून तिथे ‘कृपया’ घातले नाही तरी उद्धटपणा होत नाही. एका अधिकाऱ्यांनी असा ‘प्रदान करा’ वाला अर्ज माझ्याकडे परत पाठवला होता, लिहिणाऱ्याला समज द्या असा शेरा मारून. त्या मुलाच्या मनात उर्मटपणा नव्हता. त्याने तर दोनदा ‘कृपया’ लिहिले होते.

‘प्रदान’ही तिथे नको. पुरस्कार प्रदान होतो, पदवी प्रदान होते. रजा मिळते, मंजूर होते, नामंजूर होते. रजा काढतात, टाकतात, घेतात, वाढवतात, शिल्लक ठेवतात, आणि वर्ष संपले की नैमित्तिक रजा बुडते. इतकी क्रियापदे आपल्याकडे असताना ‘रजेचा विस्तार करावा’ असे लिहायची गरज पडू नये. ‘रजा आणखी चार दिवस वाढवून मिळावी’ असे म्हणावे. सरकारी छापील नमुन्यांतही एक शब्द मला कायम खटकत आला, तो ‘उपभोगलेली रजा’. ज्याने वडिलांच्या उशाशी बसून पंधरा दिवस काढले त्याने ती रजा उपभोगली, असे मी सेवापुस्तकात कधी लिहिले नाही. ‘घेतलेली रजा’ असे लिहिले, आणि तपासणीत त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही.

‘स्टेशनच्या बाहेर असेन’ हे वाक्य नांदगावात फारच गोंधळ करणारे. इथे स्टेशन म्हणजे रेल्वे स्टेशन, मुंबई-भुसावळ मार्गावरचे, आणि गावाचे अर्धे जगणे त्याच्या वेळापत्रकावर चालते. इंग्रज अधिकाऱ्याच्या भाषेत स्टेशन म्हणजे नेमणुकीचे गाव. तो अर्थ मराठीत ‘मुख्यालय’ या शब्दाने आला आहे. सरकारी कर्मचाऱ्याने नेमणुकीचे ठिकाण सोडून जायचे असेल तर परवानगी घ्यायची असते, मग तो रजेवर का असेना. म्हणून अर्जात ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ असे वाक्य हवे आणि रजेच्या काळातला पत्ता हवा. ‘मी बाहेर असेन’ ही नुसती माहिती झाली. परवानगी मागितलीच नाही, तर ती मिळाल्याची नोंद कशी व्हायची? अपघात, निवडणुकीचे काम, अचानक आलेली तपासणी अशा वेळी हा फरक अंगाशी येतो.

शेवटचे ‘अपेक्षेत धन्यवाद’ तर सरळ काढून टाकावे. मिळण्याआधीच आभार मानायची चाल आपल्या पत्रांत नाही. आपण ‘कळावे’ लिहितो आणि खाली ‘आपला विश्वासू’. तेवढ्यात पत्र रीतसर संपते. सुरुवातीचे ‘मी आपणास सूचित करू इच्छितो की’ हेही तसेच. अर्ज दिला म्हणजे कळवलेच. आणि मराठीत कारण आधी येते, मागणी नंतर. ‘ताप असल्याने रजा मिळावी’ असा ओघ असतो. ‘की’ने सुरू झालेल्या वाक्यात हा ओघ उलटा होतो आणि क्रियापद सापडेपर्यंत वाचणाऱ्याला दम लागतो.

त्याने मग तिथेच बसून अर्ज नव्याने लिहिला. मी फक्त विचारत गेलो: ताप कधीपासून, कुठे राहणार, कधी येणार. त्याची उत्तरेच कागदावर उतरली:

‘विषय: दि. ५ ते ९ अशी ५ दिवसांची परिवर्तित रजा, दि. १० व ११ च्या सुट्ट्या जोडून मिळण्याबाबत.

महोदय, मला दि. ४ पासून ताप येत असून डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितले आहे. म्हणून वरीलप्रमाणे रजा मिळावी, ही विनंती. या काळात उपचारासाठी चाळीसगावला भावाकडे राहणार असल्याने मुख्यालय सोडण्याचीही परवानगी मिळावी. तेथील पत्ता खाली दिला आहे. दि. १२ रोजी कामावर हजर होईन. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कळावे. आपला विश्वासू.’

पहिल्या अर्जापेक्षा हा फारसा लांब नाही, पण यावर टिपणी लिहायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. हजर होताना कामावर येण्यास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला आण, एवढेच सांगितले.

‘सुट्ट्या जोडून’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. इंग्रजीतला रजेचा शब्द काही जण ‘सुट्टी’ असा करतात आणि ‘५ दिवसांची सुट्टी मिळावी’ असे लिहितात. बोलण्यात ते चालते. पण अर्जात सुट्टी आणि रजा वेगळ्या ठेवाव्यात. सुट्टी सगळ्या कार्यालयाला असते, ती मागावी लागत नाही. रजा एकट्याची असते, ती परवानगीनेच मिळते. दोन्ही एकाच शब्दात कोंबल्या तर जोडायचे काय आणि वजा करायचे काय, हे वाक्यातून कळत नाही.

कारणाचा रकाना हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. ‘कझिनच्या विवाह समारंभास उपस्थित राहण्यासाठी’ असे लिहिलेले वाचले की वाटते, हा मुलगा आतेभावाच्या लग्नाला चालला आहे की मावसबहिणीच्या, हे सांगायला आपल्या भाषेत किती नेमके शब्द आहेत. ‘शेतीविषयक क्रियाकलापांसाठी’ असे एकाने लिहिले होते. चौकशी केली तर कांदा काढणी होती. नांदगाव तालुक्यात ‘कांदा काढणीसाठी’ असे लिहिले की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळते की ही रजा चार दिवस पुढे ढकलता येणारी नाही. मोघम लिहिल्याने कारण मोठे वाटत नाही, उलट संशयास्पद वाटते. ‘अपरिहार्य परिस्थितीमुळे’ या शब्दांमागे काय आहे हे वाचणाऱ्याला दिसत नाही. ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढे लिहिले तरी माणूस दिसतो, आणि खासगी गोष्ट खासगी राहते.

एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचा अर्ज त्याच्या शिकणाऱ्या मुलाने लिहून दिला होता. त्यात ओळ होती: ‘माझे वडील काल कालबाह्य झाले आहेत.’ इंग्रजीत औषधाची मुदत संपते त्यालाही आणि माणूस जातो त्यालाही एकच शब्द कार्यालयीन भाषेत वापरला जातो, तो मुलाने कोशात पाहून उतरवला. तो कर्मचारी अर्ज देऊन तसाच गावी निघून गेला होता. मी त्याच्या घरी निरोप पाठवून मुलाला बोलावले आणि दुसरा अर्ज लिहायला लावला: ‘माझ्या वडिलांचे काल निधन झाले. दहावे-तेरावे होईपर्यंत मला गावी राहणे आवश्यक आहे. त्यासाठी १४ दिवसांची अर्जित रजा मिळावी.’ मुलाने विचारले, इतके साधे चालते का? चालते. आजोबा गेले, हे तो घरी जसे सांगेल तसेच कागदावर सांगायचे असते. तो पहिला कागद मी फाइलला लावला नाही. आजोबांच्या मरणाची नोंद कायमच्या कागदात त्या शब्दांनी राहावी, हे मला मान्य नव्हते.

गैरहजेरीनंतर दिलेल्या अर्जांतही एक वाक्य वारंवार येते: ‘कृपया माझी अनुपस्थिती विचारात घ्या.’ विचारात घ्या म्हणजे नेमके काय करू? त्या माणसाला म्हणायचे असते की, हे दिवस विनापरवानगी गैरहजर म्हणून धरू नका, रजेत घ्या. मग तसेच लिहावे: ‘दि. ३ व ४ रोजी मी येऊ शकलो नाही. हे दोन दिवस नैमित्तिक रजेत धरावेत, ही विनंती.’ विनापरवानगी गैरहजेरी सेवापुस्तकात चढली तर सेवेत खंड पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. अशा ठिकाणी गुळमुळीत वाक्य लिहून कुणी स्वतःचे नुकसान करून घेऊ नये.

आस्थापना शाखेत आज बसणाऱ्या भाऊसाहेबांना आणि ताईंना माझे एवढेच सांगणे आहे. असा अर्ज आला की ‘नियमानुसार नाही’ एवढा शेरा मारून परत करू नका. समोरच्याला बसवा, त्याचा रजेचा हिशेब दाखवा, कोणत्या खात्यातून किती दिवस जातील ते सांगा आणि मग म्हणा, आता मला तोंडी सांगितलेस तसे लिही. आणि मराठीतला एक नीट लिहिलेला नमुना हजेरीपटाशेजारी भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे इंग्रजी नमुना शोधायला कुणाला जावे लागणार नाही.